पाच नोंदींची खिडकी: गुणक पाठ करू नका, काढा

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पातळीचा तासवार आलेख दातेरी दिसतो, पण साध्या सरासरीने पुराचा माथाच बसतो. त्याऐवजी पाच नोंदींत वर्ग-वक्र बसवा.

मधली नोंद x=0, बाकीच्या −2 ते 2. वक्र a+bx+cx², हवा फक्त a. y म्हणजे नोंदलेली पातळी; वक्र आणि नोंदी यांतल्या फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवली की:

Σy = 5a + 10c
Σx²y = 10a + 34c

c घालवला की प्रत्येक नोंदीचा गुणक (17−5x²)/35, म्हणजे −3, 12, 17, 12, −3, भागिले 35.

समजा फूट 30.1, 30.4, 31.2, 30.6, 30.7: बेरीज 1080, मधली पातळी 30.86. मग खिडकी एक तास पुढे.

एखादा आकडा चुकून 10 फुटांनी जास्त टंकला, तर तिथे 4.86 फुटांचा उंचवटा उरतोच. शिवाय दोन तास अलीकडे-पलीकडे 0.86 फुटांचे खोटे खड्डे पडतात. तो चुकीचा आकडा आधी काढा. पण खिडकीतला एक तास असा गाळलेला असेल तर तिथे हे गुणक चालत नाहीत.