पैसे त्यांनी दिले म्हणून अनुवाद त्यांचा? करारातल्या या चुका टाळा

महिन्यातून एकदा तरी फोन येतोच. "ताई, पुस्तक आलं हो छापून, पण माझं नावच नाही कव्हरवर, आता काय करू?" मी विचारते, करारात काय लिहिलंय? पलीकडे शांतता. मग हळूच, "करार असा नाही, त्यांचा मेल आलेला..." आणि तो मेलही बरेचदा नीट वाचलेला नसतो. अनुवाद करायची एवढी घाई असते लोकांना की पहिल्या आठवड्यात साठ पानं पाठवून मोकळे होतात आणि कागदावर सही कधी व्हायची तर पुस्तक प्रेसला गेल्यावर.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे ज्याने पैसे मोजले त्याचा कॉपीराइट. प्रकाशकही हे इतक्या आत्मविश्वासाने सांगतात की समोरचा मान डोलावतो. आपल्याकडचा १९५७ चा कॉपीराइट कायदा असं म्हणत नाही. कलम १७ प्रमाणे पहिला मालक म्हणजे लिहिणारा, आणि अनुवाद हीसुद्धा साहित्यकृतीच, त्यामुळे अनुवादाची मालक तुम्ही. गोंधळ होतो कारण त्याच कलमात अपवाद आहेत. पैसे देऊन फोटो काढून घेतला, पोर्ट्रेट करून घेतलं, तर वेगळं काही ठरलं नसेल तेव्हा मालक पैसे देणारा. लोक फोटोचा नियम उचलून अनुवादाला लावतात. त्या यादीत फ्रीलान्स अनुवाद नाही.

पण तुम्ही पगारी नोकर असाल आणि अनुवाद हा नोकरीचाच भाग असेल तर मालक कंपनी, आणि सरकारी खात्यासाठी केलेलं काम असेल तर सरकार, करारात उलट लिहिलं नसेल तर. म्हणून सरकारी कामाला "मी तर फ्रीलान्सर" हे पुरत नाही, तिथे आधीच लिहून घ्यावं लागतं.

आता माझीच गोष्ट सांगते, म्हणजे मी शहाणी जन्मले नव्हते हे कळेल. मार्च २०१२ मध्ये एका प्रकाशकाने एक इंग्रजी पुस्तक अनुवादाला दिलं, एकरकमी चाळीस हजार. करार म्हणजे लेटरहेडवरचं एक पान, त्यात एक ओळ, "अनुवादाचे सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील." खाली मी सही ठोकली. नावाबद्दल अक्षर नाही, मला वाटलं नाव तर देतातच, त्यात काय लिहायचं! पहिल्या आवृत्तीत कव्हरवर नाव होतं. २०१५ ला दुसरी आवृत्ती आली, नवं कव्हर, नाव गायब, आत चौथ्या पानावर आयएसबीएनच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात. विचारलं तर "डिझायनरने केलं असेल." आणि २०१९ मध्ये एका मैत्रिणीने सांगितलं की अगं तुझं पुस्तक ऑडिओवर ऐकतेय. मला पत्ताच नाही! सुरुवातीच्या घोषणेत मूळ लेखकाचं नाव, वाचणाऱ्याचं नाव, आणि मराठी जणू आपोआप झालेलं.

तेव्हा पहिल्यांदा वकिलाकडे गेले. तिने तो कागद पाहिला आणि हसली. कलम १९ म्हणतं की हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी हवं, देणाऱ्याची सही हवी, आणि कोणतं काम, कोणते हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशात, हे त्यात हवं. मुदत लिहिलीच नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. शिवाय घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो गळतो, करारात वेगळं ठरलं नसेल तर. म्हणजे ते "सर्व हक्क" मार्च २०१७ लाच संपले होते आणि ऑडिओ निघाला २०१९ ला. आम्ही हे लिहून पाठवल्यावर आवाज एकदम खाली आला, बारा हजार वेगळे दिले, तीन वर्षांचं ऑडिओचं लायसन्स झालं आणि घोषणेत नाव घातलं. कव्हर मात्र तसंच राहिलं, प्रती दुकानांत गेल्या होत्या.

हे वाचून लगेच उड्या मारू नका. पाच वर्षांनी अनुवाद परत आला म्हणजे तो उचलून दुसऱ्याला विकता येतो असं नाही, कारण अनुवाद करू द्यायचा हक्क मूळ लेखकाचा, आणि तो सहसा प्रकाशकाने घेतलेला असतो, तुम्ही नाही. तुमच्याशिवाय त्यांना छापता येत नाही, त्यांच्या परवानगीशिवाय तुम्हाला, अशी ती गाठ आहे. म्हणून मी आता सुरुवातीलाच मागते की मूळ प्रकाशकाशी झालेल्या करारातलं अनुवादाच्या कॉपीराइटचं कलम दाखवा. काही परदेशी करारांत अनुवादाचा कॉपीराइट मूळ लेखकाच्या नावे करावा असं असतं आणि हे नंतर कळलं की भांडणाला वाव राहत नाही. साने गुरुजींसारखा लेखक असेल तर हा प्रश्नच नाही, ते १९५० मध्ये गेले, साठ वर्षं धरून १ जानेवारी २०११ पासून त्यांचं लेखन मोकळं आहे, कोणीही अनुवाद करावा. तुमच्या अनुवादाचा कॉपीराइट मात्र तुमच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षं.

आता नावाचं. कलम ५७ मुळे हक्क विकले तरी "हे मी केलंय" म्हणायचा हक्क तुमच्याकडेच राहतो, आणि कुणी अनुवाद मोडूनतोडून तुमच्या नावाला बट्टा लावला तर हरकत घेता येते. पण कव्हरवर, अमुक आकारात, ऑडिओच्या घोषणेत, असं कायदा सांगत नाही. कराराने सांगावं लागतं. "योग्य श्रेय देण्यात येईल" असली ओळ दिसली की मी लाल पेन काढते, योग्य म्हणजे चौथं पान हे मी पाहिलंय. मी हे घालते, हवं तर उचला:

"प्रत्येक आवृत्ती, पुनर्मुद्रण, ईबुक व ऑडिओबुकमध्ये 'अनुवाद : (पूर्ण नाव)' असा उल्लेख मुखपृष्ठावर व शीर्षकपानावर, मूळ लेखकाच्या नावाच्या किमान निम्म्या आकाराच्या अक्षरांत असेल; ऑडिओत तो सुरुवातीच्या घोषणेत असेल. कॅटलॉग, जाहिरात व ऑनलाइन विक्रीच्या नोंदींतही तो असेल. कॉपीराइटच्या पानावर 'मराठी अनुवाद © (नाव), (वर्ष)' असे छापले जाईल. उल्लेख राहिल्यास लेखी कळवल्यापासून पंधरा दिवसांत ऑनलाइन दुरुस्ती, व न विकलेल्या प्रतींवर चिकटपट्टी प्रकाशकाच्या खर्चाने."

चिकटपट्टीवर प्रकाशक हसतात, पण तीच ओळ डिझायनरला जागं ठेवते. आणि © ची ओळ तेव्हाच, जेव्हा कॉपीराइट खरंच तुमच्याकडे राहतोय.

ऑनलाइन नोंदीत नाव चुकलं तर आधी प्रकाशकाचा डेटा तपासायला सांगा. पुस्तकांची माहिती ज्या ओनिक्स फॉरमॅटमध्ये जाते त्यात अनुवादकाचा कोड `B06` आहे आणि लेखकाचा `A01`. घाईत सगळ्यांना `A01` लावलं की तुम्ही सहलेखक होऊन बसता.

बाकी किरकोळ. "अनुवाद", "भावानुवाद", "रूपांतर" यातला कुठला शब्द छापायचा ते ठरवा. नावाचं स्पेलिंग स्वतः लिहून द्या. रजिस्ट्रेशन केलं नाही म्हणून कॉपीराइट जात नाही. एजन्सीमार्फत काम असेल तर एजन्सी आणि प्रकाशक यांच्यातल्या करारात तुमचं नाव छापायची अट आहे का ते विचारा, एजन्सीने तुम्हाला दिलेला शब्द प्रकाशकाला बांधत नाही.

आणि पुस्तक येऊन गेलंय, करार नाही, अशी अवस्था असेल तर फेसबुकवर पोस्ट टाकायच्या आधी प्रकाशकाला एक साधा मेल टाका, तारखेसकट: अनुवाद मी केला, मोबदला इतका मिळाला, हक्क लेखी दिलेले नाहीत, पुढच्या छपाईत नाव अमुक जागी हवं. उत्तर आलं की त्याचा प्रिंट काढून फाइलला लावा, नाही आलं तर तो मेल घेऊनच वकिलाकडे जा.