पोळपाट-लाटण्यावरची कणीक, जुनं तेल आणि काळे डाग कसे काढावेत

पोळपाट चिकट आणि काळपट झाला की अनेक घरांत तो कढत पाण्यात बुडवून तारेच्या घासणीने घासतात. काम बिघडतं ते याच दोन गोष्टींनी. कढत पाण्याने कणकेतला स्टार्च शिजतो, त्याची खळ होते आणि ती लाकडाच्या रेषांत घट्ट बसते. घासणीच्या तारेचे बारीक तुकडे लाकडात अडकून गंजतात. लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी त्या लोखंडाचा संयोग झाला की निळसर काळा डाग पडतो. जुन्या काळी शाई याच रीतीने करत.

म्हणून आधी कणीक, मग तेल, शेवटी डाग, हाच क्रम ठेवा. पुरणपोळ्या केल्यानंतरचा दहा इंची सागवानी पोळपाट समोर आहे असं धरू.

कणीक. जाड गोळे सुकू द्या, ते सुके असतानाच सहज निघतात. उरलेल्या पातळ थरावर साध्या पाण्यात पिळलेलं फडकं दहा मिनिटं पसरून ठेवा. थर मऊ झाला की जुनं प्लास्टिकचं कार्ड किंवा लाकडी उलथणं तिरकं धरून रेषांच्या दिशेने खरवडा. आडवं खरवडलं तर तंतू उचकटतात आणि पुढच्या वेळी कणीक तिथेच धरते. पोळपाट उलटा करून पायांच्या सांध्यातही बघा. तिथली वाळलेली कणीक कुणाला दिसत नाही, पण झुरळं नेमकी तिथेच येतात. तिच्यासाठी दात कोरायची काडी आणि जुना टूथब्रश पुरतो. लाटण्याच्या मुठी फिरत्या असतील तर मूठ आणि दांडा यांमधली फटही तशीच साफ करा.

तेल. थरावर नखाने ओरखडा काढा. मेणासारखी पिवळट तपकिरी साल निघाली तर ते वाळून घट्ट झालेलं तेल आहे, नुसत्या पाण्याला ते दाद देत नाही. दोन चहाचे चमचे खायचा सोडा, एक चमचा पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब कालवून लावा. पाच मिनिटांनी मऊ ब्रशने रेषांच्या दिशेने घासा आणि ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून घ्या. थर उरला तर पुन्हा लावा, पण एका वेळी पाच मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. सोड्याने टॅनिन असलेलं लाकूड काळवंडतं, बाभळीचं तर पटकन.

काळे डाग. पोळपाट पूर्ण सुकल्यावरच डाग नीट ओळखता येतात. ओला तवा किंवा लोखंडी डबा टेकलेल्या जागी निळसर काळं कडं किंवा पट्टा दिसला तर तो लोखंडाचा डाग. विखुरलेले ठिपके आणि कुबट वास असेल तर ती बुरशी.

लोखंडाच्या डागावर अर्ध्या लिंबाने चमचाभर मीठ चोळा, दहा मिनिटं ठेवा आणि पुसा. लिंबातलं आम्ल लोखंडाला धरून सोडवतं, त्यामुळे डाग एकदम जात नाही, दर खेपेला थोडा फिकट होतो. तीन वेळा करून पाहा. सोडा नीट पुसलेला नसेल तर लिंबू फेसाळून वाया जातं.

बुरशीवर पांढरं व्हिनेगर लावून दहा मिनिटांनी पुसा आणि सुकवा. ठिपके राहिले तर १२० नंबरच्या आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने घासा. एकाच डागावर घासत राहू नका, तिथे खळगा पडतो आणि पोळी मध्ये जाड, कडेला पातळ लाटली जाते. अधूनमधून सरळ पट्टी आडवी उभी धरून पाहा. मधल्या भागात पट्टीखालून उजेड दिसला तर थांबा. चिरेच्या आत शिरलेली बुरशी मात्र निघत नाही, तसा पोळपाट बदलावाच लागतो.

सुकवणं आणि तेल देणं. पोळपाट भिंतीला टेकवून उभा ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी वारा लागेल. आडवा ठेवला तर एकच बाजू सुकते आणि तो वाकतो, उन्हात ठेवला तर तडकतो. रात्रभरात सुकल्यावर हात फिरवा. पाण्याने तंतू उभे राहून खरखर लागत असेल तर २२० चा पेपर हलक्या हाताने एकदा फिरवा.

मग औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन पोळपाटाला एक चमचा आणि लाटण्याला अर्धा चमचा चोळा. चार तासांनी जे वर उरेल ते कोरड्या फडक्याने पुसून टाका. यासाठी शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल वापरू नका. तेच वाळून पुन्हा तो चिकट थर धरतो.