माझी पहिली पोस्ट: येसरची आमटी

येसर म्हणजे गहू, डाळ, मसाले भाजून दळलेलं पीठ. आमच्या परभणीकडची त्याची आमटी फेसबुकवर लिहायला बसले, तर हात थरथरायला लागले. म्हणून बोलून लिहिलं, तर मोबाइलनं येसरचं केसर केलं! एकेक अक्षर दाबून ते सुधारलं.

मापं मुठीनं लिहिली, तर नात म्हणाली, "आजी, मूठभर म्हणजे कोणाची मूठ?" खरंच की. सासूबाईंनी शिकवलं तेच मुठीनं. मग माझ्याच मुठीनं गहू वाटीत टाकले, चार मुठींत वाटी भरली. लिहिलं: गहू १ वाटी, हरभरा डाळ अर्धी, धने पाव, जिरे १ चमचा, थोडे मिरे, लवंगा. सगळं वेगवेगळं भाजून दळायचं. एकत्र टाकलं तर जिरे जळतात, डाळ कच्ची राहते.

तरी धीर होईना. आधी पुतणसुनेला पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन, "काकू, नुसत्या गुठळ्या झाल्या!" पोरीनं येसर थेट उकळत्या पाण्यात टाकलं होतं. चूक माझीच, लिहिलंच नव्हतं. दोन चमचे येसर आधी वाटीभर गार पाण्यात कालवायचं, मग फोडणीच्या उकळत्या पाण्यात हलवत ओतायचं. ती ओळ घातली, डोळे मिटले आणि बटण दाबलं.