टेराकोटाची नवी कानातली: घेताना आणि वापरताना या चुका टाळा

नवरात्रासाठीची नवी कानातली रंगून तयार आहेत. यंदा पैठणीचे रंग घेतलेत: मोरपंखी, वांगी, राणी आणि काठाला सोनेरी. कुयरीचे टॉप्स 180 रुपये, झुमके 350 आणि चांदबाली 420. ऑर्डर देण्याआधी पुढचं वाचा, कारण माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी बहुतेक वेळा फुटल्याच्या नसतात. ‘रंग गेला’, ‘चिकट झालं’, ‘पांढरं पडलं’, अशाच असतात.

माती भट्टीत भाजली तरी तिच्यात बारीक छिद्रं राहतात आणि ती पाणी शोषते. तिला जपतं ते वरचं अ‍ॅक्रिलिक रंगाचं आणि वॉर्निशचं आवरण. कडी ओवायच्या भोकापाशी हे आवरण पातळ असतं, आणि ओल नेमकी तिथूनच शिरते.

गेल्या पावसाळ्यात चिपळूणच्या एका ताईंनी त्यांच्या झुमक्यांचा फोटो पाठवला. निळ्या रंगावर दुधासारखा पांढुरका थर आला होता. त्यांना वाटलं, बुरशी आली. मी त्यांना कोरड्या मऊ ब्रशने झाडून बघायला सांगितलं. पांढरं भुकटीसारखं निघालं असतं तर ते मातीतले क्षार असते; न रंगवलेल्या मागच्या बाजूला ते कधी कधी येतात आणि झाडले की जातात. इथे काहीच निघालं नाही, म्हणजे ओल वॉर्निशमध्ये अडकली होती. विचारल्यावर कळलं, की हळदीच्या कार्यक्रमात दिवसभर घातलेले झुमके त्यांनी घामासकट प्लॅस्टिकच्या झिपच्या पिशवीत ठेवले होते. पुसायला ओला टिशूही वापरला होता.

त्यावर उपाय सोपा होता. झुमके वर्तमानपत्रावर पंख्याखाली सावलीत दोन दिवस मोकळे ठेवले आणि थर बराचसा विरला. अशा वेळी हेअर ड्रायर लावू नका आणि कडक उन्हातही ठेवू नका; आवरण मऊ पडतं आणि त्यावर बोटांचे ठसे उमटतात. दोन दिवसांनीही पांढुरकं दिसलं तर मला पाठवा, वॉर्निशचा नवा हात देते. एरवी वापरून झाल्यावर सुती कापडाने कोरडं पुसा, थोडा वेळ वारं लागू द्या, आणि मग कापूस घातलेल्या डबीत जोडी एकमेकींना घासणार नाही अशी ठेवा. कोकणात राहत असाल तर डबीत सिलिका जेलची पुडी टाकाच.

चिकटपणाचं कारण बहुतेक वेळा अत्तर किंवा हेअर स्प्रे असतं. त्यातलं अल्कोहोल अ‍ॅक्रिलिक रंग आणि वॉर्निश दोन्ही मऊ करतं. म्हणून आधी स्प्रे, तो वाळला की कानातली. सोनेरी काठ एकदा चिकट होऊन त्यावर धूळ बसली की घासून साफ होत नाही, तो भाग परत रंगवावाच लागतो.

टॉप्सची मागची दांडी सुटली तर झटक्यात चिकटणारा गोंद लावू नका. तो ठिसूळ असतो आणि भोवती पांढरी वाफ धरल्यासारखा डाग पडतो. दोन नळ्यांमधला इपॉक्सी समप्रमाणात मिसळा, जुना गोंद पॉलिश पेपरने खरवडून काढा, चिकटवा आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका.

आता ऑर्डर देताना होणाऱ्या चुका. पहिली वजनाची. झुमक्यांची जोडी 24 ग्रॅमची आहे, म्हणजे एका कानाला 12 ग्रॅम. कानाचं भोक ओघळलेलं असेल तर टॉप्स घ्या, किंवा झुमक्यांना कानसाखळी लावून मागा, म्हणजे थोडा भार केसांवर जातो.

दुसरी रंगाची. साडीला जुळणारा रंग हवा असेल तर ट्यूबलाइट किंवा पिवळ्या बल्बखाली फोटो काढू नका. पिवळ्या उजेडात राणी रंग केशरीकडे झुकतो. दिवसा खिडकीशी, साडीच्या काठाजवळ कोरा पांढरा कागद ठेवून फोटो काढा. कागद किती पिवळा दिसतो त्यावरून मला खरा रंग ओळखता येतो.

तिसरी वेळेची. तयार जोडी दोन दिवसांत कुरिअरला जाते, पण हव्या त्या रंगाची नवी जोडी करायला पंधरा दिवस लागतात. त्यातला आठवडा नुसता सावलीत वाळण्यात जातो. घाई केली आणि आत ओल राहिली, तर भट्टीत तिची वाफ होऊन नग तडकतो. त्यामुळे ‘परवा हवंय’ असेल तर तयार मालातूनच निवडा.

मेसेजमध्ये फोटोवरचा नंबर, हुक हवा की दांडी, आणि पिनकोडसह पूर्ण पत्ता पाठवा. जोडी शिल्लक आहे असं मी कळवल्यावरच यूपीआयने पैसे भरा आणि स्क्रीनशॉट टाका. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा. नग फुटलेला निघाला तर त्यावरून मी दुसरी जोडी पाठवते.