जोडीदाराला खरोखर उपयोगी पडेल असा आणीबाणीचा कागद कसा करावा

घरात असा कागद असलाच, तर त्यावर बहुधा खात्यांची यादी असते: बँक, विमा, ईमेल, बिलं. यादीवरून खाती कुठे आहेत ते कळतं, पण ती उघडता येत नाहीत. पासवर्ड बरोबर टाकला तरी पुढचा कोड नेमका बंद पडलेल्या फोनवर जातो. म्हणून खाती कशी उघडायची, कोणत्या कुलपाची किल्ली कुठे आहे, हे कागदावर आधी यायला हवं.

समजा, नवरा रुग्णालयात आहे आणि अपघातात त्याचा फोन फुटला आहे. बायकोला विम्याची पॉलिसी हवी आहे आणि ती ईमेलमध्ये आहे. ईमेलचा पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे सगळे पासवर्ड साठवणाऱ्या ॲपमध्ये आहे. तो मॅनेजर दुसऱ्या संगणकावर उघडायला गेलं की कोड येतो ईमेलवर, आणि ईमेल उघडायला गेलं की कोड जातो फुटलेल्या फोनवर. इथे सगळे पासवर्ड माहीत असूनही ती बाहेरच राहते. तुमच्या घरात असा फेरा कुठे आहे, तो आधी शोधा. प्रत्येक महत्त्वाच्या खात्यापुढे लिहा: कोड कुठे येतो, आणि ती जागा उघडायला काय लागतं.

हा फेरा तोडायचा तो ईमेलपाशी. गुगल खात्यात सुरक्षेच्या विभागात, दोन टप्प्यांच्या पडताळणीखाली बॅकअप कोड मिळतात. एका वेळी १० कोड येतात, प्रत्येक ८ अंकी, आणि एक कोड एकदाच चालतो. ते कागदावर छापून ठेवा. मात्र हे कोड फोनवर येणाऱ्या कोडची जागा घेतात, पासवर्डची नाही, म्हणून पासवर्ड वेगळा मिळायलाच हवा.

फोन शाबूत असेल तर त्याचा पिन लागेल. बोटाच्या ठशावर विसंबू नका, कारण फोन बंद करून पुन्हा सुरू केला की तो आधी पिनच मागतो. फोन फुटला असेल तर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येतं आणि एसएमएसने येणारे कोड मिळतात. सिमलाही वेगळा पिन लावला असेल तर तो नोंदवा. साधारणपणे तो तीनदा चुकला की सिम अडकतं आणि ते पुन्हा उघडण्यासाठी पीयूके नावाचा वेगळा कोड मागतं. तो पीयूके दहा वेळा चुकला की सिम कायमचं निकामी होतं. ई-सिम असेल तर काढून घालण्याचा मार्गच नाही, त्यामुळे बॅकअप कोडवर जास्त भिस्त ठेवावी लागते.

आता कागद लिहा. त्यावर गुपित लिहायचं नाही, गुपित कुठे आहे ते लिहायचं. ईमेलची नोंद अशी होईल:

ईमेल (सर्वांत आधी हे उघड). पासवर्ड: पासवर्ड मॅनेजरमध्ये. मॅनेजरचा मुख्य पासवर्ड: कपाटातल्या निळ्या फाइलमधलं बंद पाकीट. ईमेलचे बॅकअप कोड: दागिन्यांच्या डब्यात. वापरलेला कोड खोडणे. मॅनेजरने कोड मागितला तर तो याच ईमेलवर येतो.

शेवटचं वाक्य वाचताच पुन्हा तोच फेरा दिसायला हवा: ईमेलचा पासवर्ड मॅनेजरमध्ये आणि मॅनेजरचा कोड ईमेलवर! म्हणून ईमेलचा पासवर्डही त्या पाकिटात हवा. पाकीट आणि बॅकअप कोड मात्र वेगवेगळ्या जागी ठेवा. दोन्ही एकत्र सापडले तर ज्याच्या हाती पडतील त्याला सगळंच मिळेल. आणि हा कागद त्याच फोनमध्ये किंवा त्याच ईमेलच्या ड्राइव्हवर ठेवू नका.

बँकेचा पिन किंवा पासवर्ड यात घालू नये, असं माझं ठाम मत आहे. खातं एकट्याच्या नावावर असेल तर पासवर्ड हाती असला तरी व्यवहार करण्याचा अधिकार मिळत नाही. त्याची सोय संयुक्त खात्याने किंवा रीतसर अधिकारपत्राने आधीच करावी. कागदावर बँकेचं नाव, खात्याचे शेवटचे चार अंक आणि वारसनोंद झाली आहे की नाही, एवढं पुरे.

मग तालीम करा, ती टाळू नका. तुमचा फोन बंद करून बाजूला ठेवा, कागद जोडीदाराच्या हातात द्या आणि ब्राउझरच्या खासगी खिडकीतून ईमेल उघडायला सांगा. नेहमीच्या खिडकीत संगणक आधीच ओळखीचा असतो, कोड मागतच नाही, आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो. तुम्ही गप्प बसा. जोडीदाराला जिथे विचारावं लागेल, तिथे कागदावर एक ओळ कमी आहे. ती तिथल्या तिथे लिहा आणि खाली तारीख घाला.

कागद शिळा होतो तो ठरावीक कारणांनी: नवा फोन, बदललेला नंबर, बदललेला पासवर्ड. बॅकअप कोड नव्याने काढले की जुना सगळा संच त्याच क्षणी रद्द होतो, तेव्हा डब्यातला कागदही लगेच बदला आणि जुना फाडून टाका.