शब्द बदलले, पण ओळ दुसऱ्याचीच राहिली : या चुका टाळा

नवकवीला ‘ही ओळ कुणाची तरी वाटते’ म्हटलं की तो दोन शब्द बदलून आणतो आणि वर सांगतो, ‘मूळ कविता मला आठवतही नव्हती.’ आठवत नव्हती म्हणूनच ती नकळत उतरली.

एका मसुद्यातली ओळ बघा. आईच्या आजारपणावरची कविता, आणि मध्येच:

क्षणात दाटे काळी चिंता, क्षणात फिरुनी हसू फुटे

बालकवींची ओळ आहे, ‘क्षणात येते सरसर शिरवे, क्षणात फिरुनी ऊन पडे.’ पाऊस नाही, ऊन नाही, तरी ओळ त्यांचीच. नुसता ‘क्षणात’ असता तर हरकत नव्हती. आठ-आठ-आठ-सहा मात्रांची चालही कुणाच्या मालकीची नाही. इथे मात्र चाल तीच, ‘क्षणात’ दोन्ही वेळा त्याच जागी आणि लगेच ‘फिरुनी’. शब्द, त्याची जागा आणि वाक्याचा सांगाडा या तिन्हींपैकी एक जुळलं तर सोडून द्या. दोन जुळली तर मूळ कविता काढून शेजारी ठेवा. तिन्ही जुळली की ओळ नव्याने लिहायची.

शंका आली की ओळ शब्दांशिवाय, नुसती ‘ला-ला’ करून म्हणा. मूळ कविता बहुतेक वेळा जिभेवर येते. दुसरी खूण भाषेची. ज्या कवितेत ‘रिपोर्ट’ आणि ‘सलाईन’ आहे, तिथे ‘फिरुनी’ कुठून आलं? रोजच्या बोलण्यात नसलेला शब्द अचानक सुबकपणे बसला, की तो उसना असण्याची शक्यता मोठी.

आता दुरुस्ती. ‘क्षणात’च्या जागी ‘पळात’ घालणं हा सगळ्यात आवडता शॉर्टकट आणि सगळ्यात निरुपयोगी. सांगाडा तसाच राहतो. वृत्तच टाकून मुक्तछंदात पळणं हीदेखील घाईच. वृत्त ठेवा, सांगाडा मोडा. त्या प्रसंगात डोळ्यांना नेमकं काय दिसलं ते आधी गद्यात लिहा, मग मात्रा मोजा:

रिपोर्ट हाती येण्याआधी आई हसली थोडीशी

मात्रा तीसच, पण ‘हे-मग-ते’चा झोका गेला. ओळ थोर नसेल, पण त्या कवितेची आहे.

‘तुका म्हणे’च्या धर्तीवर स्वतःची नाममुद्रा घालणं ही नक्कल नव्हे, ‘नामा म्हणे’ त्याआधीचं आहे. अनेकांच्या हातून गेलेला साचा वारसा असतो, एकाच कवितेला चिकटलेला साचा पडसाद.

मुद्दाम केलेला उल्लेख असेल तर वाचकाने तो ओळखल्यावर कवितेचा अर्थ वाढला पाहिजे. वाचक ओळखेल म्हणून धाकधूक वाटत असेल, तर ओळ बदला. पकडलं गेल्यावर तिला अवतरणचिन्हं लावू नका.