‘स्वित्’पाशी अडलेली रात्र

ईशावास्योपनिषदाचा पहिला मंत्र मला लहानपणापासून पाठ होता आणि नेमके तेच मला नडले. भाषांतराची प्रत सकाळी संपादकांकडे द्यायची होती. रात्री दीड वाजता शेवटचा हात फिरवताना ‘मा गृधः कस्य स्विद्धनम्’ या चरणाखाली मी लिहिलेले ‘कोणाच्याही धनाची हाव धरू नकोस’ हे वाक्य वाचले आणि ‘स्विद्धनम्’मधला ‘स्वित्’ त्यात कुठे गेला, हे मला दाखवता येईना.

नवोदितांनी हा सापळा नीट पाहून ठेवावा. ‘कस्यचित्’ म्हणजे ‘कोणाचे तरी’ हे आपल्या अंगवळणी पडलेले असते, म्हणून ‘कस्य स्वित्’ही तसेच वाचले जाते. पण ‘स्वित्’ म्हणजे ‘चित्’ नव्हे. ईशावास्य हा शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेचा 40 वा अध्याय आहे. त्याच संहितेच्या 23 व्या अध्यायात ‘कः स्विदेकाकी चरति’, म्हणजे एकटा कोण बरे फिरतो, असे कोडे येते आणि ‘सूर्य’ हे त्याचे उत्तर. तिथे ‘स्वित्’ प्रश्नाला धार देतो. तसाच तो इथे घेतला, तर चरणाचे दोन तुकडे होतात: ‘हाव धरू नकोस. धन कोणाचे आहे?’ ‘धनम्’ या रूपावरून निकाल लागत नाही, कारण नपुंसकलिंगात प्रथमा आणि द्वितीया सारखीच असते. पहिल्या अर्थात ते कर्म, दुसऱ्यात कर्ता. छापील प्रतीत ‘गृधः’नंतर स्वल्पविराम दिसला, तर तो संपादकाचा कौल समजावा, मंत्राचा नव्हे.

तयार अन्वयार्थाची पुस्तके पहिला खर्डा होईपर्यंत उघडूच नयेत, असे माझे ठाम मत आहे. माझे गुरुजी अर्थ सांगत नसत. प्रत्येक पदावर बोट ठेवून ‘हे भाषांतरात कुठे आहे?’ एवढेच विचारत. त्या रात्री तोच प्रश्न मला सोडेना.

तरी घाबरू नये. शांकरभाष्य काढले, तर त्यात दोन्ही अर्थ सापडले. आचार्य आधी ‘स्वित्’ हा निरर्थक निपात मानून ‘कोणाचेही’ असा अर्थ देतात आणि मग ‘अथवा’ म्हणून प्रश्नाचा अर्थ सांगतात: हाव धरावी असे धन कोणाचेच नाही. म्हणजे माझे पहिले वाक्य चूक नव्हते. मी ते न निवडताच लिहिले होते, ही चूक होती.

मी प्रश्न निवडला. मंत्राची सुरुवातच ‘ईशा’, म्हणजे ‘ईश्वराने’, या पदाने होते, त्यामुळे शेवटी ‘कोणाचे?’ असे विचारताच वाचक आपोआप पहिल्या शब्दाकडे परततो. ‘कोणाच्याही’ म्हटले की ही वाट बंद होते आणि दुसऱ्याच्या पैशावर डोळा ठेवू नये एवढाच उपदेश उरतो. मग ‘स्वित्’साठी ‘बरे’ घालावे की नाही, यात आणखी तासभर गेला. ते बालबोध वाटेल अशी धास्ती होती. दोनदा खोडले, दोनदा लिहिले. अखेर ‘हाव धरू नकोस. धन कोणाचे बरे आहे?’ असे ठेवले आणि भाष्यात आधी येणारा अर्थ खाली टीपेत पूर्ण वाक्यात दिला.